कॉनकॉलमधली आवश्यक धावगती

12 ऑक्टोबर 2023 रोजी इन्फोसिसने सप्टेंबर तिमाहीचे निकाल जाहीर केले, तेव्हा त्यात दोन बातम्या होत्या. पहिली आनंदाची. तिमाहीत 770 कोटी डॉलरची मोठी कंत्राटं मिळाली होती आणि कंपनीच्या इतिहासात तोवर एका तिमाहीत एवढी कंत्राटं कधी आली नव्हती. दुसरी बातमी त्याच पत्रकात थोडी खाली होती. वर्षभरात महसूल किती वाढेल याचा अंदाज आधी 1 ते 3.5 टक्के होता, तो आता 1 ते 2.5 टक्के करण्यात आला होता.

पाच-पन्नास शेअर बाळगणाऱ्या माणसाने यातलं काय खरं मानायचं? कंत्राटं विक्रमी, तर वाढीचा अंदाज खाली का? याचं उत्तर त्या दिवशीच्या कॉनकॉलमध्ये होतं. फक्त ते सरळ वाक्यात नव्हतं. ते गायडन्स, रन रेट, हेडविंड अशा शब्दांत विखुरलेलं होतं आणि थोडी वजाबाकी केल्यावरच हाती लागणारं होतं. ती वजाबाकी कुणालाही करता येते, म्हणून इन्फोसिसचं तेच एक वर्ष इथे उलगडून पाहू.

कॉनकॉल म्हणजे निकालानंतर कंपनीचे मोठे अधिकारी आणि ब्रोकरेज संस्थांचे, म्युच्युअल फंडांचे विश्लेषक यांच्यात फोनवर होणारी तासाभराची बैठक. सुरुवातीला एक मॉडरेटर सांगतो की सगळ्यांच्या लाइन केवळ ऐकण्यापुरत्या चालू आहेत. मग कंपनीचा कुणीतरी एक इशारा वाचून दाखवतो, की इथे भविष्याविषयी जे बोललं जाईल ते प्रत्यक्षात वेगळं ठरू शकतं. त्यानंतर मुख्य कार्यकारी अधिकारी आणि वित्तप्रमुख लिहून आणलेली निवेदनं वाचतात, आणि शेवटी प्रश्नोत्तरं होतात. पहिला भाग वकिलांनी आणि जनसंपर्क विभागाने घासूनपुसून दिलेला असतो. खरा माल प्रश्नोत्तरांत असतो.

आता गायडन्स. येत्या वर्षात किंवा तिमाहीत धंदा किती होईल, याचा कंपनीने स्वतःहून जाहीर केलेला अंदाज म्हणजे गायडन्स. तो देण्याची सक्ती आपल्याकडे नाही. टीसीएस देत नाही. विप्रो फक्त पुढच्या तिमाहीचा देते. इन्फोसिस वर्षभराचा देते आणि तोही दोन आकड्यांत: महसूल किती टक्के वाढेल आणि कामकाजाचा नफा, म्हणजे ऑपरेटिंग मार्जिन, किती टक्क्यांच्या पट्ट्यात राहील. एप्रिल 2023 मध्ये कंपनीने सांगितलं की 2023-24 मध्ये महसूल 4 ते 7 टक्के वाढेल आणि मार्जिन 20 ते 22 टक्के राहील. बाजाराची अपेक्षा याहून बरीच जास्त होती. शिवाय मार्च तिमाही अपेक्षेपेक्षा वाईट गेली होती. सुट्टीनंतर सोमवारी, 17 एप्रिलला, शेअर नऊ टक्क्यांहून अधिक घसरून बंद झाला.

इथे कॉनकॉलमधल्या वर्षांची भाषाही लक्षात घ्यायला हवी. 'एफवाय ट्वेन्टीफोर' म्हणजे मार्च 2024 मध्ये संपणारं वर्ष, आणि त्याची 'क्यू वन' म्हणजे एप्रिल ते जून 2023. नावातला आकडा वर्ष संपतं त्या मार्चचा असतो. हे डोक्यात पक्कं नसेल तर चांगला वाचणाराही एका वर्षाने चुकतो.

आता प्रश्न असा, की 4 ते 7 टक्के हे सोपं लक्ष्य होतं की कठीण? हे गायडन्सच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी रन रेट काढावा लागतो.

क्रिकेट पाहणाऱ्याला रन रेट समजावून सांगायची गरज नाही. आत्ताच्या गतीने खेळत राहिलं तर वीस षटकांत किती धावा होतील, तेच इथे तिमाहीसाठी. शेवटच्या तिमाहीचा आकडा घ्या आणि चाराने गुणा. मार्च 2023 च्या तिमाहीत इन्फोसिसचा महसूल 455.4 कोटी डॉलर होता. चाराने गुणले तर 1,821.6 कोटी. आणि नुकत्याच संपलेल्या पूर्ण वर्षाचा महसूल किती होता? 1,821.2 कोटी. म्हणजे नवं वर्ष सुरू झालं तेव्हा कंपनी जिथे उभी होती तिथेच उभी राहिली असती तर वाढ शून्य. 4 ते 7 टक्क्यांतला प्रत्येक टक्का नव्याने कमवायचा होता.

बाजारात याला 'एक्झिट रन रेट' म्हणतात: वर्षातून बाहेर पडताना कंपनीचा वेग काय होता. आधीच्या वर्षात चारही तिमाह्या चढत्या असतील तर शेवटची तिमाही वर्षाच्या सरासरीपेक्षा मोठी असते, आणि पुढच्या वर्षाची काही टक्के वाढ आयतीच पदरात पडते. इन्फोसिसच्या बाबतीत मार्च तिमाही आधीच्या तिमाहीपेक्षा खाली आली होती, त्यामुळे आयतं काहीच नव्हतं. गणित केलं तर वर्षाला 4 टक्के गाठायला दर तिमाहीला दीड टक्क्याहून थोडी जास्त वाढ लागत होती, आणि 7 टक्क्यांसाठी पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. ही आवश्यक धावगती. पहिल्या तिमाहीत प्रत्यक्षात एक टक्का वाढ झाली. मग जुलैमध्ये गायडन्स 1 ते 3.5 टक्क्यांवर आला आणि दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे आठ टक्के पडला, यात आश्चर्य कसलं? आवश्यक धावगती एप्रिलमध्येच काढून ठेवणाऱ्याला जूनच्या आकड्याबरोबरच हे दिसलं असतं.

आता त्या ऑक्टोबरच्या दिवसाकडे. जून तिमाहीत 461.7 कोटी डॉलर आणि सप्टेंबर तिमाहीत 471.8 कोटी, म्हणजे अर्ध्या वर्षात 933.5 कोटी झाले होते. सप्टेंबर तिमाही खरोखर चांगली गेली होती. तिचा रन रेट काढला तर वर्षाला 1,887 कोटी, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढ. आणि कंपनी मात्र सांगत होती जास्तीत जास्त अडीच टक्के. चालू वेग साडेतीनचा असताना कंपनी अडीचच का म्हणते?

वजाबाकी करा. अडीच टक्के वाढ म्हणजे वर्षाला 1,866.7 कोटी. त्यातून झालेले 933.5 वजा केले की उरतात 933.2 कोटी, दोन तिमाह्यांसाठी. प्रत्येकी सुमारे 466.6 कोटी. म्हणजे सगळं उत्तम जमून आलं, गायडन्सचं वरचं टोक गाठलं, तरी पुढच्या दोन्ही तिमाह्या सप्टेंबरपेक्षा सरासरीने लहान असणार होत्या. खालच्या टोकाचं गणित केलं तर तिमाहीला जेमतेम 453 कोटी उरत होते. चलनाच्या फरकामुळे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण दिशा बदलत नाही. विक्रमी कंत्राटांच्या दिवशी कंपनी आकड्यांतून सांगत होती की पुढचं अर्धं वर्ष आकसणार आहे. तसंच झालं. डिसेंबर तिमाही 466.3 कोटींची आणि मार्च तिमाही 456.4 कोटींची निघाली.

मग त्या 770 कोटींच्या कंत्राटांचं काय झालं? ती खोटी नव्हती. कॉनकॉलमध्ये हा आकडा 'टीसीव्ही' या नावाने येतो, आणि तो कंत्राटाच्या पूर्ण मुदतीचं एकूण मोल असतो. मुदत पाच, सात, कधी त्याहूनही जास्त वर्षांची. पहिल्या काही महिन्यांत काम हस्तांतरित होत असतं, पैसा थोडाच येतो. त्यातही त्या 770 कोटींपैकी 48 टक्केच 'नेट न्यू' होते. बाकीचं काम आधीपासून कंपनीकडेच होतं, त्याचं नूतनीकरण झालं होतं. म्हणून कंत्राटांचा आकडा ऐकला की दोन गोष्टी विचाराव्यात: यात नवीन किती, आणि मुदत किती वर्षांची. पहिल्याचं उत्तर बहुधा पत्रकातच असतं. दुसरं विश्लेषक विचारतात आणि अधिकारी अनेकदा टाळतात.

दुसऱ्या बाजूला, छोटी-छोटी कामं झपाट्याने कमी होत होती. अमेरिकेतल्या बँका, दूरसंचार कंपन्या, किरकोळ विक्रेते अशा ग्राहकांनी ज्या कामावाचून अडत नाही ती पुढे ढकलायला सुरुवात केली होती. कॉनकॉलमध्ये याला 'डिस्क्रिशनरी स्पेंड' म्हणतात. ही कामं लहान असली तरी त्यांचा पैसा त्याच तिमाहीत येतो आणि त्याच तिमाहीत थांबतो. मोठं कंत्राट हळूहळू भरतं, लहान कामं एकदम आटतात. ऑक्टोबरच्या दोन बातम्यांमधला सांधा हा होता.

हे झालं महसुलाचं. नफ्याबद्दल बोलताना जो शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो म्हणजे हेडविंड, उलटा वारा. याची जोडी टेलविंड, पाठीवरचा वारा. तिमाहीत मार्जिन का घटलं किंवा का वाढलं, हे वित्तप्रमुख वाऱ्यांची यादी देऊन सांगतात, आणि प्रत्येक वाऱ्यापुढे इतके-इतके बेसिस पॉइंट असा हिशेब जोडतात. शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का. सप्टेंबर तिमाहीत इन्फोसिसचं मार्जिन 21.2 टक्के होतं, डिसेंबर तिमाहीत 20.5 टक्के झालं. सत्तर बेसिस पॉइंटची घट. ऐकायला किरकोळ वाटते. पण त्या तिमाहीचा महसूल 38,821 कोटी रुपये होता, त्यामुळे हा वारा सुमारे 270 कोटी रुपयांचा आहे.

त्या तिमाहीत उलटे वारे तीन प्रकारचे होते, आणि तिन्हींना एकाच रांगेत बसवणं मला पटत नाही. पहिला, 1 नोव्हेंबरपासून दिलेली पगारवाढ. ती व्यवस्थापनाने स्वतः ठरवली होती, कधी द्यायची तेही त्यांच्याच हातात होतं. दुसरा, नाताळच्या सुमारास पाश्चात्त्य ग्राहकांची कामं काही दिवस बंद राहतात, त्याला 'फर्लो' म्हणतात. हे दरवर्षी डिसेंबर तिमाहीत येतं आणि दरवर्षी निवेदनात त्याचा उल्लेखही येतो. तिसरा मात्र खरा अपघात होता. नोव्हेंबर 2023 मध्ये कंपनीच्या अमेरिकेतल्या इन्फोसिस मॅककॅमिश या उपकंपनीवर सायबर हल्ला झाला, तिच्या सेवा काही काळ ठप्प झाल्या, महसूल बुडाला आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर आला.

तिन्ही वाऱ्यांचे बेसिस पॉइंट बेरजेत सारखेच मोजले जातात, पण गुंतवणूकदाराला त्यांचा अर्थ वेगवेगळा. अपघात पुढच्या तिमाहीत विरतो. फर्लो मार्चपर्यंत संपतात. पगारवाढ मात्र कायमची. ती पुढच्या प्रत्येक तिमाहीच्या खर्चात राहणार. तेव्हा हेडविंड शब्द ऐकला की तो पुढच्या तिमाहीत वाहणार आहे की नाही, एवढं स्वतःशी ठरवावं. आणि एखादा वारा सलग चार तिमाह्या यादीत असेल तर त्याला वारा म्हणणं सोडून द्यावं. तो त्या धंद्याचा नेहमीचा खर्च आहे.

टेलविंडकडे तर अधिकच संशयाने पाहावं. आयटी कंपन्यांचा पैसा मुख्यतः डॉलरमध्ये येतो आणि पगाराचा मोठा भाग रुपयांत जातो. त्यामुळे रुपया घसरला की मार्जिन आपोआप सुधारतं. तिमाही चांगली गेल्यावर निवेदनात कार्यक्षमता, शिस्त, खर्चनियंत्रण यांची स्तुती दोन परिच्छेद चालते आणि रुपयाचा वाटा एका ओळीत उरकला जातो. ती ओळ शोधायची.

चलनाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. 2023-24 या एकाच वर्षात इन्फोसिसचा महसूल किती वाढला? रुपयांत 4.7 टक्के. डॉलरमध्ये 1.9 टक्के. आणि 'कॉन्स्टंट करन्सी'मध्ये 1.4 टक्के. तिन्ही आकडे बरोबर आहेत. कॉन्स्टंट करन्सी म्हणजे विनिमय दर आधीच्या वर्षीइतकेच राहिले असते असं धरून काढलेली वाढ. युरो, पौंड, रुपया यांच्या चढउतारातून आलेला भाग त्यात गाळला जातो आणि धंदा खरोखर किती वाढला ते उरतं. इन्फोसिसचा गायडन्स याच मापात असतो. जानेवारी 2024 मध्ये कंपनीने पट्टा आणखी आवळून 1.5 ते 2 टक्के केला होता. खालचं टोक वर आलं म्हणून दुसऱ्या दिवशी शेअर जवळजवळ आठ टक्के उसळला. डॉलरमधला 1.9 टक्क्यांचा आकडा पाहून कुणालाही वाटेल की लक्ष्य गाठलं. प्रत्यक्षात 1.4 टक्के, म्हणजे खालचं टोकसुद्धा हुकलं.

हे एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण आधीच्या वर्षी, जानेवारी 2023 मध्ये, गायडन्स 16 ते 16.5 टक्के केला होता. वर्ष संपलं 15.4 वर. पुढच्या वर्षी, जानेवारी 2025 मध्ये, तो 4.5 ते 5 टक्के होता. वर्ष संपलं 4.2 वर. सलग तीन वर्षं, जानेवारीतला पट्टा आणि मार्चमधला निकाल यांची गाठ पडली नाही. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. मार्च तिमाही या कंपनीला जड जाते, आणि तीन महिने उरले असताना पट्टा अर्ध्या टक्क्याइतका अरुंद केला की चुकायला जागा उरत नाही. पण जानेवारीच्या गायडन्सवर विसंबून शेअर घेणाऱ्याला हा इतिहास माहीत असायला हवा, आणि तो जुनी ट्रान्सक्रिप्ट वाचल्याशिवाय कळत नाही.

रन रेटलाही मर्यादा आहेत, त्या न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. मार्च 2024 च्या तिमाहीचे 456.4 कोटी चाराने गुणले तर 1,825.6 कोटी होतात, म्हणजे त्या वर्षाच्या महसुलापेक्षा दीड टक्क्याहून अधिक कमी. एवढ्यावरून कुणी म्हणालं असतं की पुढचं वर्ष घटीचं जाणार. पण वाढ झाली 4.2 टक्के. कारण त्या तिमाहीत एका ग्राहकाशी कंत्राटाच्या अटी नव्याने ठरल्याने सुमारे एक टक्का महसुलाचा एकदाच होणारा फटका बसला होता, आणि पुढे जुलै 2024 मध्ये इन-टेक ही जर्मन कंपनी विकत घेतल्यावर तिचा महसूलही मिळकतीत जमा होऊ लागला. म्हणून चाराने गुणण्याआधी त्या तिमाहीत एकदाच घडणारं काही होतं का ते पाहावं. हंगामी धंद्यात तर हे गुणणंच चुकीचं. एसी विकणाऱ्या कंपनीची एप्रिल ते जूनची तिमाही चाराने गुणली तर जो आकडा येईल तो कुठल्याच वर्षात दिसणार नाही. तिथे मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशीच तुलना करावी.

नव्या, तोट्यातल्या कंपन्यांच्या कॉनकॉलमध्ये तर 'आमचा वार्षिक रन रेट इतके कोटी झाला' असं मोठ्या अभिमानाने सांगतात. कधी तो एका तिमाहीवरून काढलेला असतो, कधी एकाच महिन्यावरून. दिवाळीच्या महिन्याला बाराने गुणून काढलेला आकडा असेल तर तो अहवालात न शोधलेला बरा.

कॉनकॉलमध्ये याखेरीज जे शब्द कानावर पडतात ते बहुतेक सौम्य करून सांगण्याचे. मागणी 'सॉफ्ट' आहे म्हणजे कमी आहे. ग्राहकांचे निर्णय 'लांबत आहेत' म्हणजे कंत्राटावर सही होत नाहीये. 'कॉशसली ऑप्टिमिस्टिक' म्हणजे पुढचं काही सांगता येत नाही. विश्लेषक 'थोडा कलर द्या' म्हणतात तेव्हा ते तपशील मागत असतात. यांचा फार कीस पाडू नये. शब्द मागच्या तिमाहीपेक्षा बदलला का, एवढंच बघावं. मागच्या वेळी ज्या विभागाबद्दल दोन परिच्छेद बोलले होते, त्याचा या वेळी उल्लेखच नसेल, तर ती गोष्ट कुठल्याही विशेषणापेक्षा महत्त्वाची आहे.

हे सगळं मिळवायला एक पैसाही लागत नाही. सेबीच्या नियमानुसार निकालानंतरच्या कॉनकॉलचं ध्वनिमुद्रण पुढचा व्यवहाराचा दिवस सुरू होण्याआधी किंवा 24 तासांत, यांपैकी जे आधी असेल तेव्हा, आणि लेखी ट्रान्सक्रिप्ट पाच कामकाजाच्या दिवसांत उपलब्ध करून द्यावी लागते. एप्रिल 2022 पासून हे बंधनकारक आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात, किंवा बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांमध्ये ती सापडते. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर प्रश्नोत्तरांपासून सुरुवात करा. कागदावर तीन आकडे लिहा: आतापर्यंतच्या तिमाह्यांची बेरीज, गायडन्सच्या दोन्ही टोकांना लागणारा वर्षाचा महसूल, आणि वजाबाकी करून उरलेल्या तिमाह्यांच्या वाट्याला येणारी रक्कम. ती रक्कम शेवटच्या तिमाहीपेक्षा कमी निघाली, तर विक्रमी कंत्राटांची बातमी वाचून त्या दिवशी शेअर घेऊ नका.